सभागृहातील एलईडी वॉल: पहिल्या रांगेच्या अंतरावरून पिक्सेल पिच कशी ठरवावी?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी एका शिक्षण संस्थेचे सभागृह आहे आणि तेथील प्रोजेक्टर काढून रंगमंचाच्या मागच्या बाजूला कायमस्वरूपी एलईडी वॉल बसवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. दुपारच्या कार्यक्रमात खिडक्यांचे पडदे जरा बाजूला झाले की प्रोजेक्टरवरचे चित्र पार फिकट होते, हे मुख्य कारण आहे. वॉलचा आकार ठरलेला आहे. ६४० बाय ४८० मिलिमीटरची कॅबिनेट आडवी ८ आणि उभी ६ लावायची, म्हणजे रुंदी ५.१२ मीटर आणि उंची २.८८ मीटर, फुटांत साधारण १७ बाय साडेनऊ.

अडचण पिक्सेल पिचची, म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये किती मिलिमीटर अंतर ठेवायचे याची आहे. आमच्याकडे तीन पुरवठादारांची कोटेशन आली असून तिघांनी तीन वेगळ्या पिच सुचवल्या आहेत. पहिला म्हणतो की तुमची पहिली रांग रंगमंचाच्या कडेपासून ८ फुटांवर आहे, म्हणून पी १.८६, म्हणजे १.८६ मिलिमीटरची पिच हवी. दुसरा म्हणतो की बंदिस्त जागेत सगळीकडे पी २.५ लावतात, तुम्हीही तीच लावा. तिसऱ्याच्या मते सभागृह मोठे असल्यामुळे पी ४ भरपूर झाली. तिन्ही रकमांमध्ये इतके अंतर आहे की कोणाचे तरी म्हणणे निश्चितच चुकीच्या पायावर उभे असावे, असे मला वाटते.

वॉलवर व्याख्यानांच्या स्लाइड, विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनाची पार्श्वभूमी, सप्ताहात कीर्तनाच्या वेळी अभंगांच्या ओळी आणि अधूनमधून माहितीपट दाखवायचे आहेत. सर्वांत जवळच्या प्रेक्षकाचे अंतर नेमके कोठून कोठपर्यंत मोजायचे आणि त्यावरून पिच कशी काढायची, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

अनघा_दृक्श्राव्य

माणदेशी, तुम्ही दिलेल्या ८ फुटांचा पिचशी थेट संबंध नाही, कारण ते अंतर रंगमंचाच्या कडेपासूनचे आहे आणि वॉल कडेवर उभी राहणार नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यापासून एलईडीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे लागते. कृपया टेप घेऊन पुढील गोष्टी मोजून येथे लिहा: रंगमंचाची खोली, मागच्या भिंतीपासून वॉलचा पृष्ठभाग किती पुढे येणार, पहिल्या रांगेतील खुर्चीची पाठ कडेपासून किती दूर आहे आणि शेवटची रांग किती दूर आहे. शेवटच्या रांगेचे माप मी मुद्दाम मागते आहे, ते कशासाठी हे नंतर सांगेन.

आणखी एक प्रश्न आहे. पहिल्या रांगेपेक्षाही जवळ बसून वॉलकडे बराच वेळ पाहणारे कोणी असते का? व्याख्याता वॉलच्या शेजारी उभा असतो, परंतु तो प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, त्यामुळे त्याला धरू नका.

पाटील_साउंड_लाइट

मी गेली बरीच वर्षे लग्नसमारंभ आणि सभांसाठी भाड्याने वॉल देतो. या धंद्यात एक सरळ हिशेब चालतो: जितके मिलिमीटर पिच, तितके मीटर अंतर. पी ४ असेल तर ४ मीटरच्या पुढे चित्र स्वच्छ दिसते. तुमच्या रंगमंचाची खोली धरली तर पहिली रांग सहज ६ मीटरच्या पलीकडे जाईल, म्हणजे पी ४ लावूनही २ मीटर शिल्लक राहतात. माझ्याकडे पी ३.९१ ची कॅबिनेट आहेत आणि आजवर एकाही यजमानाने ठिपके दिसतात अशी तक्रार केलेली नाही. संस्थेचा पैसा आहे, तो उगाच बारीक पिचवर घालवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सराफकट्टा

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून येथेच विचारतो. आमच्या पेढीच्या दर्शनी काचेमागे ४ बाय ३ फुटांची वॉल बसवायची आहे आणि रस्त्यावरून लोकांना दागिन्यांचे फोटो दिसले पाहिजेत. समोरच्या दुकानदाराने पी १० लावली आहे आणि ती चौकापासून दिसते. सभागृहासाठी पी ४ पुरत असेल तर मलाही पी ४ चालेल ना?

अनघा_दृक्श्राव्य

सराफकट्टा, तुमच्या शेजाऱ्याची पी १० वॉल चौकातून पाहण्यासाठी आहे आणि तुमचे गिऱ्हाईक पदपथावर, काचेपासून हातभर अंतरावर उभे राहणार आहे. शिवाय ४ बाय ३ फुटांत पी ४ घेतली तर आडवे जेमतेम ३०० पिक्सेल मिळतात, आणि तेवढ्यात नथीचा मोती आणि त्याचा खडा वेगळे दिसणार नाहीत. काचेवर उन्हाची तिरीप येत असेल तर सभागृहासाठीची उजेडाची पातळीही तुम्हाला अपुरी पडेल. आपण कृपया वेगळा धागा काढा, कारण येथे दोन्ही हिशेब एकत्र झाले तर दोघांचाही गोंधळ होईल.

माणदेशी

अनघाताई, शिपायाला सोबत घेऊन सर्व मापे घेतली. रंगमंचाची खोली २० फूट आहे. लोखंडी चौकट आणि मागे माणूस वावरण्याची जागा धरून वॉलचा पृष्ठभाग मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे येईल, म्हणजे पृष्ठभागापासून कडेपर्यंत साडेसतरा फूट राहतील. त्यापुढे पहिल्या रांगेपर्यंत ८ फूट आहेत. एकूण साडेपंचवीस फूट, म्हणजे ७.८ मीटर. शेवटची रांग पृष्ठभागापासून साडेसदुसष्ट फुटांवर, म्हणजे २०.६ मीटरवर येते.

अनघा_दृक्श्राव्य

उत्तम. आता हिशेब करता येतो आणि पाटीलसाहेबांचे म्हणणे कोठपर्यंत बरोबर आहे, हेही त्यातूनच दिसेल.

डोळ्याला अंतर कळत नाही, कोन कळतो. निरोगी नजरेचा माणूस साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या, म्हणजे एका कलेएवढ्या कोनातील बारकावा ओळखू शकतो. एक मिलिमीटरची वस्तू ३.४४ मीटरवरून पाहिली की ती डोळ्याशी बरोबर एक कला एवढा कोन करते. म्हणून पिचला ३.४४ ने गुणले की जे मीटर येतात, त्या अंतराच्या पलीकडे बसलेल्या माणसाला त्याहून बारीक पिच दिल्याचा फरक जवळपास कळतच नाही. हे अंतर म्हणजे वरची मर्यादा आहे. तुमच्या ७.८ मीटरला ३.४४ ने भागले तर २.२७ येतात. याचा अर्थ असा की पी २.२७ पेक्षा बारीक काहीही घेतले, तरी पहिल्या रांगेतील पाहुण्याला त्याचा उपयोग नाही आणि मागच्यांना तर नाहीच नाही. पी १.८६ चे कोटेशन येथेच बाजूला पडते.

पाटीलसाहेबांचा ‘जितके मिलिमीटर तितके मीटर’ हा हिशेब याच मोजपट्टीवर तपासून पाहू. त्या अंतरावर दोन शेजारच्या ठिपक्यांमधील कोन नेहमीच ३.४४ कला येतो, मग पिच कोणतीही असो. इतक्या मोठ्या कोनात ठिपके मनाने एकत्र जुळतात आणि हलते चित्र ओळखू येते, परंतु डोळ्याला ठिपके वेगळे दिसतच असतात. ठिपक्यांची जाळी खरोखर नाहीशी होण्यासाठी त्यांच्यातील कोन दोन कलांच्या आसपास यावा लागतो, म्हणजे पिचच्या सुमारे १.७ पट मीटर अंतर लागते. पी ४ साठी ते ६.९ मीटर होते. तुमची पहिली रांग ७.८ मीटरवर आहे, त्यामुळे पी ४ चे ठिपके तेथून दिसणार नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या यजमानांनी तक्रार केलेली नाही. त्यांचा अनुभव खरा आहे.

परंतु ठिपके न दिसणे आणि अक्षराची कड गुळगुळीत दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिरक्या रेषेची कड पायऱ्यापायऱ्यांची आहे हे डोळ्याला ठिपके नाहीसे झाल्यानंतरही कळत राहते. ७.८ मीटरवरून पी ४ ची एक पायरी १.७६ कला, पी ३.०७ ची १.३६ कला आणि पी २.५ ची १.१ कला दिसते. लग्नात वॉलवर वधूवरांचे चेहरे आणि फुलांच्या पाकळ्या असतात, तेथे १.७६ कोणाला खुपत नाही. तुमच्या वॉलवर मात्र तास-तासभर मजकूर असणार आहे.

पाटील_साउंड_लाइट

ताई, कलांचा हिशेब पटला, पण एक शंका आहे. मजकूर मोठा ठेवला तर पायऱ्या असल्या तरी काय बिघडते? राजकीय सभेत आमच्या पी ३.९१ वर पक्षाचे घोषवाक्य शेवटच्या माणसाला वाचता येते.

अनघा_दृक्श्राव्य

शेवटच्या रांगेचे माप मी याच प्रश्नासाठी मागितले होते. अक्षर किती मोठे हवे हे शेवटची रांग ठरवते आणि त्या अक्षरात किती पिक्सेल पडतील हे पिच ठरवते. पहिली रांग ते पिक्सेल किती बारकाईने पाहते, एवढाच पहिल्या रांगेचा भाग आहे.

नजरेच्या तक्त्यावरचे, जेमतेम ओळखू येणारे अक्षर पाच कलांचे असते. सभागृहात आरामात वाचता यावे म्हणून मी त्याच्या तिप्पट, म्हणजे १५ कला धरते. २०.६ मीटरवरून १५ कला म्हणजे साधारण ९ सेंटिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची आहे, वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार यांची जागा वेगळी. या ९ सेंटिमीटरमध्ये पी ४ वर २२ पिक्सेल येतात, पी २.५ वर ३६ आणि पी १.८६ वर ४८.

रोमन लिपीला २२ पिक्सेल पुष्कळ झाले. देवनागरीत तेवढ्यात ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘क्ष्म’ यांसारखी जोडाक्षरे बसवायची असतात आणि त्यांच्या पोटातील मोकळी जागा दोन-तीन पिक्सेलांची उरते. घोषवाक्यात चार शब्द असतात आणि ते लोकांना आधीच पाठ असतात. ज्ञानेश्वरीची ओवी किंवा तुकोबांचा अभंग पडद्यावर ठेवला तर एकेक अक्षर लावून वाचणारा श्रोता समोर असतो. २२ पिक्सेलांत ते वाचता येणार नाही असे मी म्हणत नाही, वाचता येईल. मात्र पहिल्या चार-पाच रांगांना रफाराचा आणि वेलांटीचा बाक मोडलेला दिसेल, आणि एखाद्या प्राध्यापकांनी स्लाइडवर नेमून दिलेल्यापेक्षा निम्म्या उंचीचा मजकूर आणला तर ११ पिक्सेलांत जोडाक्षरांचे गठ्ठे होतील. पी २.५ वर त्याच निम्म्या अक्षराला १८ पिक्सेल मिळतात, त्यामुळे निदान पुढच्या अर्ध्या सभागृहाला ते वाचता येते.

माझे मत विचाराल तर तुमच्या ७.८ मीटरसाठी पी २.५ हे योग्य उत्तर आहे. पैशांची फारच ओढाताण असेल तर पी ३.०७ पर्यंत जाता येईल, त्याहून जाड पिच घेऊ नये. दुसऱ्या पुरवठादाराने सांगितलेली पिच बरोबर आहे, पण त्याने दिलेले कारण मात्र नाही, कारण ‘सगळीकडे लावतात’ या न्यायाने ३ मीटरवर बसणाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतही तो तीच लावेल.

कोकणकडा

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहाची देखभाल मी पाहतो, त्या अनुभवावरून एक मुद्दा जोडतो. बारीक पिच म्हणजे निव्वळ जास्त पैसे नव्हेत, तर बसवणीतही जास्त काटेकोरपणा लागतो. आमच्याकडे पी १.५ च्या आसपासची वॉल आहे आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्यावर कॅबिनेटच्या सांध्यांवर उभ्या-आडव्या रेघा दिसू लागल्या. दोन कॅबिनेटमधील फट ०.२ मिलिमीटरने वाढली की पी १.५ मध्ये ती पिचच्या १३ टक्के होते, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी रेघ उमटते. फट तेवढीच कमी झाली तर उजळ रेघ दिसते. पी ४ मध्ये तोच फरक ५ टक्के असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आमची चौकट ओल धरणाऱ्या भिंतीला थेट ठोकलेली होती, ती नंतर जमिनीवरून स्वतंत्र उभी केली, तेव्हा रेघा कमी झाल्या.

माणदेशी, तुम्ही चौकट भिंतीपासून अडीच फूट पुढे घेणार आहात हे चांगले आहे. परंतु चौकटीची सपाटी तपासल्याशिवाय कॅबिनेट चढवू देऊ नका. पांढरी शुभ्र स्लाइड पूर्ण वॉलवर लावून पहिल्या रांगेतून पाहिले की सांधे लगेच उघडे पडतात, म्हणून पैसे चुकते करण्यापूर्वी ही चाचणी आवर्जून घ्या.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. अनघाताईंनी पहिल्याच प्रतिसादात विचारले होते की पहिल्या रांगेपेक्षा जवळ कोणी बसते का. मी आज मुख्याध्यापकांशी बोललो, तेव्हा समजले की स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन वर्ग कधीकधी रंगमंचावरच घेतले जातात. तीसेक मुले खुर्च्या टाकून वर बसतात, म्हणजे पहिली ओळ वॉलपासून जेमतेम अडीच मीटरवर येईल, आणि त्यांना नकाशे, आलेख आणि गणिते पाहायची असतात. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे आहे की मग ‘सर्वांत जवळचा प्रेक्षक’ हाच झाला आणि पी १.८६ चे कोटेशन बरोबर ठरते. याचे उत्तर काय द्यावे?

अनघा_दृक्श्राव्य

मुख्याध्यापकांचा मुद्दा गंभीर आहे, कारण ही मुले जवळ बसून आणि बराच वेळ पाहतात. पण मग हिशेब शेवटपर्यंत न्यायला हवा. अडीच मीटरवर पी २.५ चा कोन ३.४४ कला येतो, म्हणजे ठिपके स्पष्ट दिसतील. पी १.८६ चा कोन २.५६ कला येतो, म्हणजे तेथेही जाळी दिसतच राहील, थोडी कमी इतकेच. अडीच मीटरवर जाळी घालवायची तर पी १.५ च्या खाली जावे लागते आणि अक्षराची कड गुळगुळीत हवी असेल तर पी ०.७ पर्यंत. तेव्हा पी १.८६ घेऊनही या मुलांचा प्रश्न सुटत नाही आणि सभागृहाला त्याचा उपयोग नाही, असे दोन्हीकडून नुकसान होते.

त्या वॉलचा पसाराही पाहा. तुमच्या आकारात पी २.५ म्हणजे २०४८ बाय ११५२, एकूण २३ लाख ५९ हजार पिक्सेल. लॅपटॉपचे चित्र वॉलकडे पाठवणाऱ्या सेंडिंग बॉक्सचे एक नेटवर्क पोर्ट साधारण साडेसहा लाख पिक्सेल पेलते, त्यामुळे प्रत्येकी १२ कॅबिनेट अशा चार पोर्टांवर तुमची वॉल चालते आणि चार पोर्टांचा बॉक्स पुरतो. पी १.८६ मध्ये हीच वॉल २७५२ बाय १५४८, म्हणजे ४२ लाख ६० हजार पिक्सेलांची होते आणि तिला सात पोर्ट लागतात. एलईडीची संख्या १.८ पट होते, म्हणून बंद पडू शकणारे ठिपकेही त्याच प्रमाणात वाढतात.

रंगमंचावरच्या वर्गासाठी ७५ इंची फोर-के टीव्ही चाकांच्या स्टँडवर घ्यावा, असे मी सुचवेन. त्याची पिच सुमारे ०.४३ मिलिमीटर असते, त्यामुळे अडीच मीटरवरून तो अगदी कागदावर छापल्यासारखा दिसतो, आणि तीस मुलांना तो पुरतो.

कोकणकडा

अनघाताईंशी मी येथे पूर्ण सहमत नाही. टीव्ही घेतला की तो सांभाळायला वेगळी जागा, वेगळ्या तारा आणि वेगळा माणूस लागतो आणि शेवटी तो प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसतो, असे मी पाहिले आहे. मुलांच्या खुर्च्या वॉलपासून साडेचार मीटर मागे, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या अलीकडे ओढल्या तर पी २.५ ची जाळी तेथून दिसणार नाही. मात्र जागा कमी पडेल आणि तीसऐवजी पंधरा मुलेच बसतील.

अनघा_दृक्श्राव्य

साडेचार मीटरवर १.९ कला येतात, त्यामुळे जाळीपुरता आपला हिशेब बरोबर आहे. अक्षरांच्या कडा दिसतील, पण मुले ते चालवून घेतील. पंधरा मुले बसवून दोन वर्ग घ्यायचे की टीव्ही घ्यायचा, हे संस्थेनेच ठरवावे लागेल, कारण त्यात शिक्षकांचा वेळही आला.

छायाप्रकाश

मी कार्यक्रमांचे चित्रीकरण करतो आणि या चर्चेत कॅमेऱ्याचा विचार झालेला नाही, म्हणून लिहितो. संस्थेचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असतील तर कॅमेरा हा आणखी एक प्रेक्षक आहे. मागच्या रांगेत ठेवलेला कॅमेरा झूम करतो, म्हणून त्याचे अंतर माणसाच्या हिशेबाने धरता येत नाही. वॉलवरच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरवरच्या पिक्सेलांची जाळी एकमेकींत अडकली की चित्रात लाटा उमटतात. पी ४ वर वक्त्याचा कमरेपासून वरचा शॉट घेतला की या लाटा बऱ्याचदा येतात. पी २.५ वर त्या कमी येतात, पण पूर्ण जात नाहीत. वक्त्याला वॉलपासून आठ-दहा फूट पुढे उभे करून फोकस त्याच्यावर ठेवला की मागची वॉल किंचित धूसर होते आणि लाटा विरतात, आणि आपल्याकडे रंगमंचाला साडेसतरा फूट असल्यामुळे ते सहज जमेल.

वॉल एका सेकंदात चित्र किती वेळा नव्याने उमटवते तो रिफ्रेश रेट, कोटेशनमध्ये तो ३८४० हर्ट्झ मागा. १९२० च्या वॉलवर कॅमेऱ्याचे शटर जरा वेगवान ठेवले की आडवे काळे पट्टे फिरताना दिसतात, आणि तो दोष पिच बारीक करून जात नाही.

माणदेशी

पी २.५ च्या बाजूने कार्यकारिणीत बहुमत होईल असे दिसते, तरी खजिनदारांना पी ३.०७ आणि पी २.५ यांतील फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आहे. तशी चाचणी कशी घ्यावी? आणि पुरवठादाराने पी २.५ सांगून दुसरेच काही लावले तर आम्हाला ते कसे कळेल?

अनघा_दृक्श्राव्य

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आपले कॅबिनेट ज्या छोट्या तुकड्यांनी भरलेले असते, त्यांतले प्रत्येक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचे असते. त्याच्या लांब बाजूचे एलईडी मोजा. पी २.५ असेल तर १२८ भरतील, पी ३.०७ असेल तर १०४ आणि पी ४ असेल तर ८०. मोबाइलमध्ये जवळून फोटो काढून तो मोठा केला की मोजणी सोपी जाते. ही संख्या करारात लिहून घ्या, कारण ‘पी ३’ असे मोघम लिहिले की त्यात ३.०७ सहज खपते. त्याच खेपेतील काही मॉड्यूल राखीव म्हणून आत्ताच घेऊन ठेवा. नंतरच्या खेपेतील मॉड्यूलचा रंग आणि उजेड किंचित वेगळा असतो आणि बदललेला चौकोन वॉलवर ठिगळासारखा ओळखू येतो.

पहिल्या प्रश्नासाठी दोन टप्पे सुचवते. आधी विनाखर्चाचा: कागदावर अडीच मिलिमीटर काळी आणि अडीच मिलिमीटर पांढरी अशा पट्ट्या छापा, दुसऱ्या कागदावर तशाच तीन मिलिमीटरच्या आणि तिसऱ्यावर चार मिलिमीटरच्या. वॉल जेथे येणार तेथे ते कागद भरपूर उजेडात लावा आणि पहिल्या रांगेत बसून पाहा. जो कागद सपाट राखाडी दिसेल, त्या पिचहून बारीक जाण्यात त्या माणसाला फायदा नाही. खजिनदार चष्मा वापरत असतील तर तो लावूनच पाहू द्या, आणि एखाद्या दहावीतल्या मुलालाही सोबत बसवा, कारण तरुण नजर एका कलेहून बारीकही पाहते.

त्यानंतर पुरवठादाराला दोन्ही पिचची दोन-दोन कॅबिनेट आणायला सांगा. त्यांच्यावर त्याचा नेहमीचा निसर्गाचा व्हिडिओ लावू देऊ नका, तो कोणत्याही वॉलवर सुंदर दिसतो. तुमच्याच प्राध्यापकांची एक स्लाइड आणि एका अभंगाच्या चार ओळी ९ सेंटिमीटरच्या अक्षरांत लावा. येथे एक काळजी घ्यावी लागते. लॅपटॉप सहसा १९२० बाय १०८० चे चित्र पाठवतो, तर पी २.५ ची तुमची पूर्ण वॉल २०४८ बाय ११५२ ची आहे आणि पी ३.०७ ची १६६४ बाय ९३६ ची. चित्र ताणून किंवा आवळून बसवले की अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि त्याचा दोष पिचवर येतो. सेंडिंग बॉक्समध्ये वॉलचेच मोजमाप भरून लॅपटॉपलाही तेच पाठवायला लावा. चाचणीच्या वेळी चित्र मुळीच ताणू नका, एका पिक्सेलला एक पिक्सेल असेच दाखवा.

पाटील_साउंड_लाइट

उजेडाचेही सांगा ताई. पुरवठादार चाचणीत वॉल पूर्ण उजेडावर ठेवतात आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात ती डोळ्यांना लागते म्हणून आम्हाला निम्म्याच्या खाली आणावी लागते. स्वस्त मालात उजेड कमी केला की काळोख्या दृश्यातील छटा जातात, काळे केस आणि काळा कोट एक होतात.

अनघा_दृक्श्राव्य

अगदी बरोबर मुद्दा आहे. माणदेशी, चाचणी कार्यक्रमाच्या वेळी असतात तेवढेच दिवे लावून घ्या आणि वॉल ३० टक्के उजेडावर ठेवून पाहा. स्लाइड आणि अभंग पाहून झाले की स्नेहसंमेलनातील रात्रीच्या दृश्याचा एखादा फोटो लावा. छटा तेथे टिकल्या नाहीत तर तो माल पी २.५ चा असला तरी परत पाठवा. आणि खजिनदारांना पहिल्या रांगेतून दोन पिचमध्ये फरक कळला नाही, तर पी ३.०७ घेऊन उरलेली रक्कम चौकट, राखीव मॉड्यूल आणि रंगमंचावरच्या टीव्हीसाठी वापरावी. तसे झाले तर माझी त्याला हरकत नाही.

माणदेशी

कागद आज छापून घेतो. कॅबिनेट आणण्यास दुसरा पुरवठादार तयार झाला आहे, पहिल्याने अजून उत्तर दिलेले नाही. चाचणी झाली की कोणाला कोणत्या रांगेतून काय दिसले ते येथे लिहीन. रंगमंचावरच्या वर्गाबाबत मुख्याध्यापक आणि शिक्षक पुढील बैठकीत ठरवणार आहेत, तोपर्यंत कोणाच्या सभागृहात असा वर्ग टीव्हीवर नियमित चालत असेल तर त्यांनी जरूर लिहावे.